फोटोतली पिशवी आणि पिलाचे कॅल्शियम

जर्मन शेफर्डचे साडेतीन महिन्यांचे पिलू ओळखीच्या एका कुटुंबाकडून आमच्याकडे आले, तेव्हा त्याचे नेहमीचे कोरडे खाद्य एका झाकणाच्या डब्यात भरून सोबत मिळाले. खाद्याची मूळ पिशवी मात्र त्या घरी आधीच टाकून दिलेली होती. नाव विचारल्यावर "पिलांना चालते तेच आहे, चांगल्या कंपनीचे आहे" एवढेच उत्तर आले. पिलू ते खाद्य आवडीने खात होते, त्याचे पोटही ठीक होते, त्यामुळे तेच पुढे चालू ठेवावे असा सगळ्यांचा कल होता. मला मात्र आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते, आणि तो प्रश्न होता कॅल्शियमचा. पिलाच्या वडिलांचे वजन ३८ किलो होते, म्हणजे हे पिलू मोठ्या जातींच्या गटात मोडणार हे उघड होते, आणि या गटातल्या पिलांच्या बाबतीत खाद्यातले कॅल्शियम कमी पडण्याइतकेच जास्त होणेही घातक असते.

याचे कारण शरीराच्या एका मर्यादेत आहे. प्रौढ कुत्र्याला खाद्यातून गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम मिळाले, तर त्याचे आतडे शोषण कमी करते आणि उरलेले विष्ठेवाटे निघून जाते. लहान पिलाच्या आतड्याला हे नियंत्रण नीट जमत नाही. साधारण सहा महिन्यांचे होईपर्यंत खाद्यात जितके कॅल्शियम येईल त्याचा मोठा वाटा ते मुकाट्याने आत घेत राहते. नेदरलंड्समधील युट्रेक्ट विद्यापीठात ग्रेट डेन पिलांवर झालेल्या अभ्यासांत जास्त कॅल्शियम दिलेल्या पिलांच्या हाडांची आणि सांध्यांतील कूर्चेची वाढ बिघडल्याचे दिसले होते. लहान जातीच्या पिलात हाच जादा भार बहुधा निभावून जातो. ज्याची हाडे काही महिन्यांत कितीतरी पटीने वाढायची असतात, त्याला तो भोवतो. म्हणून डब्यातले खाद्य कोणते आहे हे नक्की कळल्याशिवाय ते कायम करायचे नाही आणि घाईने बदलायचेही नाही, असे मी ठरवले.

हाताशी होता तो एकच फोटो. पिलू लहान असताना त्या कुटुंबाने काढलेल्या छायाचित्रात पिलाच्या मागे, भिंतीला टेकून, खाद्याची पिशवी अर्धवट दिसत होती. मेसेजमधून आलेला फोटो आकाराने लहान झालेला होता आणि त्यातली बारीक अक्षरे केवळ ठिपक्यांसारखी दिसत होती. मेसेजिंगची अॅप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतात, म्हणून मी मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याची विनंती केली. ती आल्यावर फरक लगेच जाणवला: पिशवीच्या वरच्या पट्टीचा रंग, ब्रँडच्या नावातली शेवटची काही अक्षरे, कुत्र्याच्या आकृतीचा मागचा भाग, खालच्या कोपऱ्यात '१५ किलो' हे निव्वळ वजन आणि बाजूच्या घडीवर मुडपलेला बारकोड, इतके सगळे वाचता येऊ लागले.

पहिला शोध चित्रावरून घेतला. संपूर्ण फोटो शोधयंत्रात टाकला तर ते पिलालाच मुख्य विषय मानते आणि जगभरच्या जर्मन शेफर्डांची छायाचित्रे समोर मांडते; म्हणून फक्त पिशवीचा चौकोन कापून, थोडा सरळ करून तो टाकला. ब्रँड लगेच सापडला, आणि अनेकांचा शोध इथेच थांबतो. पण ब्रँड कळणे म्हणजे खाद्य कळणे नव्हे. त्या एकाच मालिकेत सारख्या रंगसंगतीच्या तीन पिशव्या होत्या: एक मध्यम जातींच्या पिलांसाठी, दुसरी मोठ्या जातींच्या पिलांसाठी आणि तिसरी 'सर्व वयांसाठी'. तिन्हींवर तीच पट्टी, तीच आकृती आणि चवीचे तेच चित्र होते. फरक सांगणारी ओळ नेमकी पिलाच्या कानाआड गेली होती.

वजनाने काही उलगडा होतो का ते पाहिले. मध्यम जातींच्या पिलांचे खाद्य १५ किलोच्या पिशवीत मिळतच नव्हते, त्यामुळे ते बाद झाले. उरलेली दोन्ही खाद्ये १५ किलोत मिळत होती. डब्यातल्या दाण्यांनी थोडा कौल दिला: दहा दाणे एका रेषेत लावून पट्टीने मोजले तर एका दाण्याचा व्यास सरासरी नऊ मिलिमीटर भरला, आणि मोठ्या जातींच्या पिलांच्या खाद्याचे दाणे सहसा याहून मोठे असतात. परंतु दाण्याच्या आकारावरून नाव ठरवणे म्हणजे केवळ अंदाज, कारण कंपन्या आकार बदलतात आणि डब्यात दोन पिशव्यांतले खाद्य मिसळलेले असू शकते. दाणे सगळे एकाच आकाराचे आणि रंगाचे आहेत, म्हणजे निदान मिश्रण नाही, एवढे मात्र त्यातून समजले.

निर्णायक ठरला तो बारकोड. त्याखाली छापलेले तेरा अंक मोठे करून वाचले तेव्हा बारा नीट दिसत होते आणि एक, अगदी मधल्या लांब रेघांलगतचा सातवा अंक, पिशवीच्या घडीत गेला होता. तेरा अंकी बारकोडचा शेवटचा अंक हा तपासणी अंक असतो, आणि त्याच्या आधारे हरवलेला एक अंक हिशेबाने परत मिळवता येतो. डावीकडून विषम स्थानांवरचे अंक, म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा असे, जसेच्या तसे घ्यायचे. सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज करून तिला तीनने गुणायचे. आणि या दोहोंच्या बेरजेत तपासणी अंक मिळवला की येणाऱ्या संख्येला दहाने पूर्ण भाग जायला हवा.

खऱ्या उत्पादनाचा क्रमांक येथे न देता, दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेल्या २ ने सुरू होणाऱ्या मालिकेतला एक नमुना घेऊन हाच हिशेब दाखवते. समजा वाचलेला क्रमांक २१०४७५_३८१६२५ असा आहे आणि सातवा अंक दिसत नाही. विषम स्थानांवरचे दिसणारे अंक २, ०, ७, ८ आणि ६. त्यांची बेरीज २३. सम स्थानांवरचे १, ४, ५, ३, १ आणि २. बेरीज १६, तिची तिप्पट ४८. दोन्ही मिळून ७१, त्यात शेवटचा तपासणी अंक ५ मिळवला की ७६. पुढची दहाच्या पटीतली संख्या ८०, म्हणून हरवलेला अंक ४ असलाच पाहिजे. दुसरा कोणताही अंक तेथे बसत नाही. हरवलेला अंक सम स्थानावरचा असता तरी उत्तर एकच निघाले असते, फक्त त्याची तिप्पट धरून हिशेब करावा लागला असता. दोन अंक हरवले असतील तर मात्र दहा शक्यता उरतात आणि त्या एकेक करून तपासाव्या लागतात.

पूर्ण झालेला क्रमांक शोधयंत्रात टाकल्यावर विक्रीच्या काही पानांवर एकच उत्पादन आले: 'सर्व वयांसाठी' असलेले, १५ किलोचे. विक्रेत्यांच्या पानांवरची माहिती पुष्कळदा जुनी असते किंवा शेजारच्या उत्पादनाची चुकून चिकटवलेली असते, म्हणून उत्पादकाच्या पानावर जाऊन पिशवीच्या चित्रातील पट्टी, आकृती आणि वजनाच्या आकड्याची जागा फोटोशी ताडून पाहिली. सगळे जुळले. बारकोडच्या सुरुवातीच्या अंकांवरून खाद्य कोणत्या देशात बनले हे ओळखता येते असा एक समज आहे, तो खरा नाही. ते अंक क्रमांक देणारी संस्था कोणत्या देशातली आहे एवढेच सांगतात. आणि एकाच नावाचे खाद्य वेगवेगळ्या देशांत वेगळ्या सूत्राने विकले जाऊ शकते, म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळाची कोणत्या देशाची आवृत्ती आपण वाचत आहोत हेही पाहावे लागते.

म्हणजे आधीच्या पालकांचे म्हणणे शब्दशः खोटे नव्हते. 'सर्व वयांसाठी' असलेले खाद्य पिलाच्या वाढीच्या निकषांवर उतरलेलेच असते, कारण सर्व वयांत वाढीचे वय येते आणि त्याचे निकष प्रौढ कुत्र्यापेक्षा कडक आहेत. अमेरिकेतील आफ्को ही संस्था जे पोषणनिकष प्रसिद्ध करते, त्यांत शुष्क पदार्थाच्या, म्हणजे ओलावा वगळून उरणाऱ्या वजनाच्या हिशेबाने प्रौढ कुत्र्यासाठी प्रथिने किमान १८ टक्के आणि कॅल्शियम किमान ०.५ टक्के आहे. वाढीच्या वयासाठी हेच आकडे २२.५ आणि १.२ टक्के आहेत. निराळेपण आहे ते वरच्या मर्यादेत. सर्वसाधारणपणे कॅल्शियमची कमाल मर्यादा २.५ टक्के आहे, परंतु प्रौढपणी ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीच्या काळासाठी ती १.८ टक्क्यांवर आणलेली आहे.

हा फरक पिशवीवर एका वाक्यात लिहिलेला असतो आणि ते वाक्य बहुधा मागच्या बाजूला, घटकांच्या यादीच्या खाली, सर्वांत बारीक टाइपात असते. हे खाद्य आफ्कोच्या सर्व वयांसाठीच्या निकषांनुसार बनवले आहे, असे सांगून पुढे ते 'प्रौढपणी ७० पौंड किंवा अधिक भरणाऱ्या मोठ्या कुत्र्यांच्या वाढीसह' किंवा 'मोठ्या कुत्र्यांची वाढ वगळता' यांपैकी एक जोड देते. आमच्या खाद्याच्या पानावर 'वगळता' होते. माझ्या मते पिशवीवरच्या साऱ्या मजकुरात हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, आणि पुढच्या बाजूचे मांसाच्या तुकड्यांचे चित्र सर्वांत कमी मोलाचे.

येथे थांबून खाद्य बदलता आले असते. पण पिलू ते निदान महिनाभर खात आले होते, आणि मर्यादा किती ओलांडली जात होती हे पशुवैद्यांना सांगणे आवश्यक वाटले. शिवाय बदलून जे आणायचे ते खरोखर वेगळे आहे का, हेही पाहायचे होते. म्हणून त्याच मालिकेतले मोठ्या जातींच्या पिलांचे खाद्य तुलनेला घेतले. पुढे सोयीसाठी पहिल्याला 'सर्व वयांचे' आणि दुसऱ्याला 'मोठ्या पिलाचे' म्हणते.

दोन्ही पिशव्यांवरचा हमीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला तर गंमत दिसते. सर्व वयांच्या खाद्यात प्रथिने किमान ३० टक्के, स्निग्धांश किमान २० टक्के, तंतू कमाल ३ टक्के आणि ओलावा कमाल १० टक्के. मोठ्या पिलाच्या खाद्यात प्रथिने २८, स्निग्धांश १४, तंतू ४ आणि ओलावा तोच १०. आणि कॅल्शियमच्या ओळीत दोन्हीकडे एकच आकडा: किमान १.२ टक्के. ज्याला केवळ तक्ता पाहून निर्णय करायचा आहे तो म्हणेल की कॅल्शियम सारखेच आहे आणि पहिल्यात प्रथिने जास्त आहेत, तेव्हा पहिलेच बरे.

दोन्ही निष्कर्ष फसवे आहेत. हमीच्या तक्त्यातील 'किमान' हा शब्द खाली जाणार नाही एवढीच हमी देतो, वर किती जाईल हे सांगत नाही. १.२ टक्के किमान लिहिलेल्या खाद्यात प्रत्यक्ष १.३ टक्के असू शकते, तसेच २ टक्केही असू शकते, आणि दोन्ही बाबतींत तक्ता खराच राहतो. ज्या प्रश्नात वरची मर्यादा महत्त्वाची आहे त्या प्रश्नाला हा आकडा उत्तरच देत नाही. घटकांच्या यादीतून फार तर इशारा मिळतो: सर्व वयांच्या खाद्यात पहिल्या पाचांत दोन प्रकारची मांसाची पूड होती, आणि अशा पुडीत हाडांचा अंश असल्यामुळे कॅल्शियम चढे असण्याचा संभव असतो. किती ते मात्र यादी सांगत नाही.

म्हणून दोन्ही खाद्यांबद्दल उत्पादकाला पत्र लिहिले. त्यात उत्पादनाचे पूर्ण नाव, पिशवीचे वजन आणि बारकोड क्रमांक दिला आणि तीन गोष्टी विचारल्या: कॅल्शियम व फॉस्फरसचे सरासरी प्रत्यक्ष प्रमाण, ते प्रमाण ओलाव्यासह धरले आहे की शुष्क पदार्थावर, आणि एका किलोत किती किलोकॅलरी. पहिल्या उत्तरात पिशवीवरचा 'किमान १.२ टक्के' हाच आकडा परत आला. तेव्हा पुन्हा लिहून कळवले की मला हमीचा आकडा नको आहे, प्रयोगशाळेतील किंवा सूत्रातील सरासरी आकडा हवा आहे. अशा स्पष्ट शब्दांत विचारल्यावर उत्तर पोषणविभागाकडून आले आणि ते पूर्ण होते. मागूनही हा आकडा न देणाऱ्या उत्पादकाचे खाद्य मी मोठ्या जातीच्या पिलासाठी घेणार नाही.

उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नव्हते, कारण ऊर्जेचा अंदाज तक्त्यावरूनही काढता येतो. १०० ग्रॅममधून प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख, म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणारा खनिजांचा अंश, वजा केली की उरते ते मुख्यतः पिष्ट. राखेचा आकडा प्रत्येक पिशवीवर नसतो. येथे तो उत्पादकाच्या पानावर ८.५ टक्के असा होता. तेव्हा १०० मधून ३०, २०, ३, १० आणि ८.५ गेले, उरले २८.५ ग्रॅम पिष्ट. प्रथिने आणि पिष्ट यांचे प्रत्येक ग्रॅमला ३.५ किलोकॅलरी आणि स्निग्धांशाचे ८.५ असे धरले तर १०५, ९९.७५ आणि १७० मिळून सुमारे ३७५ किलोकॅलरी होतात, म्हणजे किलोला ३७५० च्या आसपास. ही रीत सहज पचणाऱ्या खाद्याची ऊर्जा थोडी कमीच दाखवते, आणि तसेच झाले: उत्पादकाने कळवलेला आकडा किलोला ३९५० होता. मोठ्या पिलाच्या खाद्याचा आकडा ३६०० निघाला.

ऊर्जेवर इतका जोर देण्याचे कारण असे की पिलू टक्के खात नाही, आपली भूक भागेल इतकी ऊर्जा खाते. ज्या खाद्यात ऊर्जा दाट आहे ते त्याला कमी ग्रॅम लागते, विरळ आहे ते जास्त लागते. त्यामुळे दोन खाद्यांतली टक्केवारी थेट ताडली तर तुलना तिरकी होते. एक हजार किलोकॅलरीमागे कोणता घटक किती ग्रॅम, असा हिशेब केला की ओलावा आणि घनता दोन्हींचा प्रश्न मिटतो. रीत सोपी आहे: टक्केवारीला दहाने गुणले की किलोमागचे ग्रॅम मिळतात, त्यांना किलोमागच्या किलोकॅलरींच्या हजारांतील आकड्याने भागायचे.

सर्व वयांच्या खाद्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम, ओलाव्यासह, १.९ टक्के असल्याचे उत्तरात होते. म्हणजे किलोत १९ ग्रॅम, त्याला ३.९५ ने भागले की हजार किलोकॅलरीमागे ४.८ ग्रॅम. मोठ्या पिलाच्या खाद्यात ते १.२ टक्के होते. १२ भागिले ३.६, म्हणजे ३.३ ग्रॅम. याच मापाने आफ्कोची वाढीसाठीची किमान गरज ३ ग्रॅम आहे, सर्वसाधारण कमाल ६.२५ ग्रॅम आहे आणि मोठ्या कुत्र्यांच्या वाढीसाठीची कमाल ४.५ ग्रॅम. पहिले खाद्य सामान्य मर्यादेच्या आत होते आणि मोठ्या पिलासाठीच्या मर्यादेच्या बाहेर. 'वगळता' हा शब्द तेथे का होता ते आकड्यात दिसले. फॉस्फरस पहिल्यात ३.५ ग्रॅम आणि दुसऱ्यात २.६ ग्रॅम निघाला, दोन्हींत कॅल्शियमशी त्याचे गुणोत्तर एकास एक आणि दोनास एक यांच्या दरम्यान होते, त्यामुळे त्या बाजूने तक्रारीला जागा नव्हती.

प्रथिनांचा हिशेब करून पाहिला तेव्हा तक्त्यातला क्रम उलटा झाला. ३० टक्के प्रथिनांचे खाद्य हजार किलोकॅलरीमागे ७६ ग्रॅम देत होते आणि २८ टक्क्यांचे ७८ ग्रॅम. कमी प्रथिनांचे वाटणारे खाद्य प्रत्यक्षात किंचित जास्त प्रथिने देते, कारण त्यात स्निग्धांश कमी आहे: ३९ ग्रॅम, पहिल्यात ५१. मोठ्या पिलांना प्रथिने कमी द्यावीत म्हणजे हाडे बिघडत नाहीत, असा एक जुना सल्ला अजून ऐकू येतो. त्याला आधार नाही. हाडांना त्रास होतो तो जादा कॅल्शियमचा आणि जादा ऊर्जेमुळे वजन फार लवकर वाढण्याचा, आणि दाट स्निग्धांशाच्या खाद्याने हा दुसरा धोका वाढतो.

हे आकडे घेऊन पशुवैद्यांकडे गेले. पिलाचे वजन त्या दिवशी १४ किलो भरले. विश्रांतीच्या अवस्थेतली गरज काढण्यासाठी किलोतल्या वजनाचा ०.७५ घात करून त्याला ७० ने गुणतात. ते झाले ५०७ किलोकॅलरी, आणि चार महिन्यांच्या सुमारास पिलाला याच्या साधारण दुप्पट लागते, म्हणजे दिवसाला जवळपास हजार. त्यामुळे आमच्या बाबतीत वरचे आकडे हेच रोजचे आकडे ठरले: जुन्या खाद्यातून दिवसाला ४.८ ग्रॅम कॅल्शियम, नव्यातून ३.३ ग्रॅम. डॉक्टरांनी चारही पाय, मनगटाचे सांधे आणि चाल तपासली आणि लंगडणे किंवा सूज काही नसल्याचे सांगितले. त्यांचे म्हणणे असे की ४.८ हा आकडा घबराटीचा नाही, पण पिलू अजून महिनोन्‌महिने वाढणार असताना तो तसाच ठेवण्याचे काही कारणही नाही. मग त्यांनी विचारले, "वरून काही पावडर चालू आहे का?"

तो प्रश्न नेमका होता. आधीच्या घरून आलेल्या सामानात कॅल्शियमची एक बाटलीही होती, कान लवकर उभे राहावेत म्हणून सुचवलेली. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असते. म्हणजे त्याची अडीच ग्रॅम पूड दिली की एक ग्रॅम कॅल्शियम गेले. जुन्या खाद्यावर ती दिली असती तर दिवसाचा आकडा ५.८ ग्रॅमवर गेला असता, आणि नव्या खाद्यावर दिली तरी ४.३ म्हणजे मर्यादेच्या काठाशी. जे खाद्य वाढीच्या निकषांवर उतरले आहे त्यावर वरून कॅल्शियम देणे म्हणजे उत्पादकाने सांभाळलेला तोल आपल्या चमच्याने बिघडवणे आहे. बाटली दिलीच नव्हती, आणि पुढेही देऊ नये असे डॉक्टरांनी लिहून दिले. घरी शिजवलेल्या निव्वळ मांसावर वाढणाऱ्या पिलाची गोष्ट वेगळी. तेथे कॅल्शियम फारच कमी पडते आणि हाडे त्या बाजूने ठिसूळ होतात.

खाद्य बदलताना मापाचा एक प्रश्न येतो. जुन्या खाद्याचे हजार किलोकॅलरीसाठी २५३ ग्रॅम लागत होते, नव्याचे २७८ लागतात. आधीच्या पालकांनी दिलेल्या वाटीच्या मापाने नवे खाद्य दिले तर ऊर्जा किती जाईल हे सांगता येत नाही, कारण दाण्यांचा आकार बदलला की वाटीत मावणारे वजनही बदलते. म्हणून वाटी बाजूला ठेवून स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरायला सुरुवात केली. पहिले दोन-तीन दिवस चतुर्थांश नवे, मग निम्मे, मग तीन चतुर्थांश, अशा क्रमाने आठवडाभरात बदल पूर्ण केला. मधे एक दिवस विष्ठा सैल झाली तेव्हा त्या टप्प्यावर थोडे थांबून पुढे गेले.

नव्या खाद्याची पिशवी उघडण्यापूर्वी तिचे चार फोटो काढले: पुढची बाजू, घटकांची यादी आणि हमीचा तक्ता, निकषांचे ते बारीक वाक्य, आणि खेप क्रमांकासह वापराची अंतिम तारीख. बारकोडवरून उत्पादन आणि पिशवीचे वजन कळते, खेप कळत नाही, आणि एखादी खेप परत मागवली गेली तर प्रश्न खेपेचाच असतो. खाद्य डब्यात ओतण्याऐवजी पिशवीसकटच डब्यात ठेवते. पिलाचे वजन दर पंधरा दिवसांनी नोंदवते. फासळ्या हाताला सहज लागत नाहीत असे वाटले तर ग्रॅम थोडे कमी करायचे, असे डॉक्टरांशी ठरले आहे. पुढची पिशवी आणताना निकषांच्या वाक्यात 'मोठ्या कुत्र्यांच्या वाढीसह' हे शब्द अजून आहेत का ते पुन्हा पाहीन, आणि घटकांच्या यादीचा क्रम बदललेला दिसला तर सरासरी कॅल्शियमचा आकडा उत्पादकाकडून पुन्हा मागवीन.